आरशासारख्या नद्या, मक्याच्या मुलखात

"तुमच्या अमेरिकेत आमच्या दुप्पट खत टाकतात, तरी नद्या आरशासारख्या. मग पंचगंगा हिरवी झाली की खापर आमच्या युरियावरच का?"

शिरोळच्या एका दादांनी आमच्या गावच्या ग्रुपवर हे लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. दादा, आधी दुप्पटीचं बघू. आडसाली उसाला आपल्याकडची शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. मी राहतो त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सोयाबीननंतरच्या मक्याला साधारण दीडशे ते पावणेदोनशे किलो देतात. ऊस दीड वर्ष उभा असतो हे मान्य, पण दुप्पट कुणाचं हे आता तुम्हीच सांगा. आणि आरसा म्हणाल तर जून २०२५ मध्ये आयोवाची राजधानी डे मॉइन आणि आसपासच्या गावांत लॉनला पाणी घालायला बंदी होती. पाऊस नव्हता म्हणून नाही. नदीत पाणी भरपूर होतं, पण त्यात नायट्रेट इतकं होतं की ते काढणारी यंत्रणा मागणीला पुरी पडेना. इथली पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम. पाणी दिसायला मात्र नितळ. नायट्रेटला ना रंग ना वास.

ग्रुपवरच्या एका भाचीला पर्यावरणशास्त्राचा पेपर लिहायचा आहे. तिने नत्रचक्राची गोल आकृती टाकली. सगळे बाण सारख्याच जाडीचे. माझी चिडचिड तिथून वाढली, कारण खरी भानगड बाणांच्या वेगात आहे.

हवेतला नत्र झाडाच्या कामाचा नाही, तो आधी फोडावा लागतो. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत जिवाणू हे काम करतात. गाठ नखाने चिरली आणि आत गुलाबी-लालसर दिसली तर ती चालू आहे, हिरवट किंवा राखाडी दिसली तर बंद. कारखान्यात तेच काम चार-पाचशे अंश तापमानात, प्रचंड दाबाखाली होतं आणि शेवटी त्याचा युरिया आपल्या पोत्यात येतो. ४५ किलोच्या पोत्यात नत्र पावणेएकवीस किलोच्या आसपास. ओल्या, उबदार मातीत युरियाचा दोन-चार दिवसांत अमोनियम होतो. काळ्या, चुनखडीच्या रानात तो वर फेकून ठेवला तर बराचसा अमोनिया होऊन हवेतच जातो. मातीत गाडला गेला तर अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून बसतो. मग एक जिवाणू त्याचा नायट्राइट करतो, दुसरा त्याचा नायट्रेट, आणि इथे गाडी घसरते. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरत नाही. मुळांनी उचललं तर उचललं, नाहीतर पाणी जाईल तिकडे ते जाणार.

आयोवात ते कुठे जातं हे मे महिन्यात शेताच्या बांधावर उभं राहिलं की कळतं. मैलोन्‌मैल काळं, उघडं रान. मका अजून वीतभर, पण माती तापलेली, पाऊस रोजचा, आणि जुना पालापाचोळा कुजून त्यातूनही नायट्रेट सुटतंय. म्हणजे खताचं पोतं फोडलंच नाही तरी रान नत्र सोडतच राहतं. जमिनीखाली तीन-चार फुटांवर भोकाच्या पाइपा अंथरलेल्या असतात. त्या पाणी थेट ओढ्यात नेऊन सोडतात.

२०१२ साली इथे मोठा दुष्काळ पडला. मका वाळला, दिलेलं नत्र जमिनीतच राहिलं. पुढच्या वसंतात पाऊस कोसळला आणि मे २०१३ मध्ये इथल्या रॅकून नदीत नायट्रेट २४ मिलिग्रॅमवर गेलं. त्या वसंतात कुणी खत जास्त टाकलं म्हणून हे झालं नव्हतं. आदल्या वर्षी पीक फसलं होतं. "खत निम्मं करा, नदी निवळेल" असं सांगणाऱ्या आपल्याकडच्या तज्ज्ञांनाही मी हेच सांगतो.

यावर ग्रुपमधला कृषी पदवीचा एक मुलगा म्हणाला, "डिनायट्रिफिकेशन थांबवलं पाहिजे, त्यात शेतकऱ्याचं नत्र उडून जातं." डिनायट्रिफिकेशन म्हणजे जिवाणूंनी नायट्रेटचा पुन्हा वायू करणं. मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर. कोकणातल्या भातखाचरात ते नुकसानच आहे: वरच्या पातळ थरात नायट्रेट तयार होतं, खालच्या चिखलात उतरतं आणि वायू होऊन उडतं. पण शेत सोडून निघालेल्या नायट्रेटला परत हवेत पाठवणारी मुख्य वाट तीच आहे. त्यासाठी प्राणवायू नसलेली जागा लागते, जिवाणूंना खायला कर्ब लागतो आणि पाणी तिथे थांबावं लागतं. ओढ्याकाठची दलदल हे फुकट करायची. पाइप तिला टाळून जाते.

आता इथे काही शेतकरी पाइपेच्या तोंडाशी चर खणून लाकडाच्या ढलप्या भरतात आणि झडप लावून पाणी त्यातून सावकाश फिरवतात. सरासरी चाळीस टक्क्यांच्या वर नायट्रेट कमी होतं, थंडीत मात्र ही घट बरीच कमी असते. पाणी फार लवकर निघालं तर काम अर्धवट राहतं आणि नायट्रस ऑक्साइड सुटू शकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. फार वेळ थांबलं तर नायट्रेट संपतं आणि जिवाणू सल्फेटकडे वळतात. मग कुजक्या अंड्याचा वास येतो. वास आला की समजायचं, झडप थोडी उघडायला हवी.

या ढलप्या भरणारे मोजकेच. बाकीचं नायट्रेट मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं. तिथे शेवाळ माजतं, मरून तळाशी बसतं आणि ते कुजताना तळाचा प्राणवायू संपतो. २०१७ मध्ये असा पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटरचा होता. पुणे जिल्ह्याहून मोठा.

मध्येच एक काकू: "आमच्या बोअरचा रिपोर्ट ४२ आलाय. तुमच्याकडे १० ची मर्यादा, मग आम्ही काय मरायचं?" काकू, तुमच्या रिपोर्टात अख्ख्या नायट्रेटचं वजन आहे, इथे फक्त त्यातल्या नत्राचं. ४२ ला ४.४३ ने भागा, साडेनऊ येतात. आपली ४५ ची मर्यादा आणि इथली १० ची, जवळपास एकच. तरीही तुम्ही काठावर आहात. घरात बाटलीचं दूध पिणारं बाळ असेल तर हे पाणी वापरू नका, आणि उकळूही नका. उकळल्याने पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

दादांचं एक मात्र मान्य करतो, नाहीतर म्हणाल परदेशात बसून अक्कल शिकवतो. (ते तसंही म्हणतातच. इथे वसंतात नायट्रेटचा विषय काढला की शेजारी विचारतात, तू मूळचा कुठला?) पंचगंगेत शहरांचं सांडपाणी मिसळतं, आणि जलपर्णीला नत्राइतकंच त्यातलं स्फुरदही पोसतं. सगळं युरियावर ढकलणं चूकच. तपासायचं असेल तर नाल्याच्या तोंडाशी आणि रानातल्या निचऱ्याच्या तोंडाशी वेगवेगळे नमुने घ्या. ताज्या सांडपाण्यात अमोनियम जास्त निघेल, रानातून आलेल्यात नायट्रेट.

आणि दादा, निचरा म्हणालो ते मुद्दाम. क्षारपड सुधारायला शिरोळ-मिरजेकडे सच्छिद्र पाइपा टाकल्या जातायत. जमीन त्याने सुधारते, त्यावर वाद नाही. पण वाट तीच, आयोवाची. ग्रुपवरचे निवृत्त मृदाशास्त्राचे सर म्हणतात, उसाची मुळं बारमाही जिवंत असतात, त्यामुळे मक्यासारखी गळती होणार नाही. मला ते पटत नाही: लागणीनंतरचे पहिले दोन महिने ऊसही लहानच असतो आणि पाटाने पाणी भरपूर सोडतात. सरांचं म्हणणं, आधी लागणीचं रान आणि खोडव्याचं रान, दोन्हींच्या पाइपांचं पाणी मोजा, मग बोलू. दादांच्या एकाच गटात दोन्ही रानं आहेत.