पत्रक आपुलकीचं हवं

शाळेच्या बुद्धिबळ मंडळाने नवशिक्या मुलांची स्पर्धा ठरवली आणि पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. क्रीडाशिक्षकांची अट एकच होती, पत्रक आपुलकीचं हवं. मुलांना धाक वाटता कामा नये. मी ‘लहान दोस्तांनो’ने सुरुवात केली. सरांनी वाचलं, मान डोलावली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ दोस्ती तिथेच आटोपली.

पहिली अडचण ‘नवशिका’ या शब्दाचीच. नवशिका कोण, हे नवशिक्याला विचारून कळत नाही. ज्याला घोडा अडीच घरं उडतो एवढंच माहीत असतं तो ‘मला सगळं येतं’ म्हणतो, आणि चार वर्षं शिकवणीला जाणाऱ्याचे वडील ‘अहो, अजून कच्चाच आहे तो’ म्हणतात. शेवटी मोजता येईल अशी अट घातली : फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचं मानांकन नसलेले आणि याआधी कुठल्याही खुल्या स्पर्धेत बक्षीस न मिळालेले खेळाडू. त्यावर एका गृहस्थांनी विचारलं, उत्तेजनार्थ बक्षीस हे बक्षीस धरायचं का? सर म्हणाले, घरी शोकेसमध्ये ठेवलं असेल तर धरायचं.

पण खरा छळ वयोगटांनी मांडला. आम्ही गट ठेवले ८, १० आणि १२ वर्षांखालील. वाचायला किती सोपं! पत्रक गेलं त्याच संध्याकाळी फोन आला. ‘माझी मुलगी मार्चमध्ये दहा वर्षांची झाली. म्हणजे ती दहाखाली नाही ना?’ मी म्हटलं, ‘आहे.’ पलीकडे शांतता. दहा पूर्ण झालेली मुलगी दहाच्या खाली कशी, हे फोनवर समजावणं म्हणजे आंधळ्याला पटावरचे रंग सांगण्यासारखं आहे.

त्यात गूढ काही नाही. वय मोजतात ते स्पर्धेच्या दिवशी नव्हे, त्या वर्षाच्या १ जानेवारीला. जागतिक पातळीवरच्या मुलांच्या स्पर्धांतही हाच हिशोब चालतो, म्हणून आम्हीही तोच घेतला. स्पर्धा २०२६ मधली. म्हणजे दहाखालील गटात १ जानेवारी २०१६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं. ही मुलगी ३ मार्च २०१६ ची. १ जानेवारीला ती नऊच वर्षांची होती, त्यामुळे वर्षभर दहाखालीच खेळणार, मग वाढदिवसाचा केक कितीही मोठा कापा.

तिचं मिटलं तोवर दुसऱ्या आईंचा फोन. त्यांचा मुलगा ३१ डिसेंबर २०१५ चा. तो १ जानेवारीला दहा वर्षं आणि एक दिवसाचा होता, म्हणजे सरळ बाराखालील गटात. तिथे त्याच्यासमोर जानेवारी २०१४ मध्ये जन्मलेला, त्याच्याहून जवळजवळ दोन वर्षांनी मोठा मुलगाही बसू शकतो. ‘एका दिवसासाठी?’ आई म्हणाल्या. मी म्हटलं, रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि जिथे ओढू तिथे कोणाचा तरी वाढदिवस असतोच. ‘मग डॉक्टरांनी सिझेरियनची तारीख विचारली तेव्हा सांगायचं होतं कोणीतरी,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर पत्रकातून ‘वर्षांखालील’ हा शब्दच काढला आणि प्रत्येक गटासमोर नुसती जन्मतारीख छापली. लहान मुलाला वरच्या गटात खेळायची मुभा, मोठ्याला खालच्या गटात नाही, अशी एक ओळ जोडली. फोन निम्म्यावर आले. ज्यांना अशी पत्रकं लिहायची असतील त्यांनी आधीपासूनच तारीख लिहावी, एवढा सल्ला मी फुकट देतो.

प्रवेशाची पद्धत त्यामानाने गरीब निघाली. अर्जावर मुलाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता आणि पालकांचा फोन. सोबत जन्मदाखल्याची प्रत. स्पर्धेच्या दोन दिवस आधी अर्ज बंद. याच्यावर कोणी भांडलं नाही, म्हणून मला थोडं चुकल्यासारखंच वाटलं.

मग स्विस पद्धत आली. पत्रकात मी उत्साहाने लिहिलं होतं, ‘कोणीही बाद होणार नाही, सर्वांना पाचही फेऱ्या!’ खरंच आहे ते. पहिल्या फेरीनंतर जिंकलेल्यांची गाठ जिंकलेल्यांशी आणि हरलेल्यांची हरलेल्यांशी पडते. पुढेही शक्यतो सारख्या गुणांच्या मुलांच्याच जोड्या लागतात, त्यामुळे सतत हरणाऱ्यालाही हळूहळू आपल्या तोडीचा कोणीतरी भेटतो. गटात बत्तीसपर्यंत मुलं असतील तर पाच फेऱ्यांत पैकीच्या पैकी गुण एकाहून जास्त मुलांना मिळूच शकत नाहीत, हेही सोयीचं. पण मुलं विषम झाली की दर फेरीत एक जण उरतो. त्याला ‘बाय’ मिळतो, म्हणजे न खेळता एक गुण. हा बाय बहुधा तळाच्या मुलाला जातो आणि एकाला एकदाच मिळतो. एका आजोबांना हे फार पटलं. ‘नातवाला पाचही वेळा तोच द्या की, तो तसाही शांत स्वभावाचा आहे.’

वेळेचं मात्र सांगायलाच हवं. प्रत्येकाला १५ मिनिटं, म्हणजे डाव जास्तीत जास्त अर्धा तास. नवशिक्यांचे बहुतेक डाव पाच मिनिटांत संपतात, कारण विचार करायचा असतो हेच त्यांना दुसऱ्या फेरीनंतर कळतं. पण शेवटच्या पटाचा निकाल आल्याशिवाय पुढच्या जोड्या लावता येत नाहीत. आणि शेवटचा पट ठरलेलाच असतो. एकाकडे राजा आणि वजीर, दुसऱ्याकडे नुसता राजा. वजीरवाला शह देतो, राजा पळतो, पुन्हा शह, पुन्हा पळ. सगळी शाळा गोळा होऊन बघते. स्वतःचा राजा जवळ आणल्याशिवाय नुसत्या वजिराने मात होत नाही, हे बघणाऱ्या दहा जणांना ठाऊक असतं, पण बोलायची कोणालाच परवानगी नसते. अखेर वजीरवाला दमून असा वजीर ठेवतो की समोरच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. डाव बरोबरीत. वजीरवाला हात वर करून नाचतो. त्याला हे सांगायचं काम पंचांचं, आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. म्हणून पत्रकात दोन ओळी वाढल्या : ‘वजिराने मात करण्याचा सराव करून यावा’ आणि ‘सोबत वाचायला पुस्तक आणावं’.

पालकांनी सभागृहाबाहेर थांबावं, ही ओळ सरांची. तिला मी ‘कृपया’ लावलं. सरांनी ते खोडलं. भुवयांनी उंट हलवणारे वडील त्यांनी पाहिले आहेत.

शेवटचं कलम हजेरीचं. अर्ज भरून न येणाऱ्या मुलामुळे समोरचं पोरगं रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतं, म्हणून ठरवलं की सव्वानऊपर्यंत दारात हजेरी न लावणाऱ्याला पहिल्या फेरीत धरायचं नाही. उशिरा आला तर दुसऱ्या फेरीपासून खेळेल, पहिल्या फेरीचे गुण शून्य.

त्यावर एका आईंचा फोन आला. आवाज शांत होता.

‘पहिल्या फेरीत शून्य असलेल्याची गाठ शून्यवाल्याशीच पडणार ना?’

‘बहुतेक.’

‘म्हणजे पहिल्या फेरीत हरलेल्याशी?’

‘हो.’

‘बरं. मग आम्ही साडेनऊला येतो.’