न्यूमोनियात बेडका का तपासायचा: फिरत्या मेसेजला उत्तर

“न्यूमोनियाच्या पेशंटची थुंकी तपासायला पाठवणं म्हणजे निव्वळ वेळ आणि पैसा घालवणं. डबीत येते ती लाळ, ग्रॅम स्टेनमध्ये तोंडातलेच जंतू दिसतात आणि कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट घरी गेलेला असतो. सरळ ब्रॉड स्पेक्ट्रम सुरू करा, तपासणी हवीच असेल तर नंतर बघू.”

लाळ येते, कारण आपण लाळच मागतो. डबी पेशंटच्या हातात दिली, ‘यात थुंका’ म्हटलं आणि पुढच्या खाटेकडे वळलं, की पेशंट सांगितलेलं इमानेइतबारे करतो. तोंडातलं नको, छातीतून खाकरून आलेलं हवं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. हे सांगायला आणि करून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. पेशंटला उठवून बसवायचं, कवळी असेल तर काढायची, साध्या पाण्याने दोनदा चूळ भरायला लावायची. माउथवॉश नको, त्याने जंतू मरू शकतात. मग दोन-तीन खोल श्वास, शेवटचा श्वास क्षणभर रोखून पोटातून खोकला, आणि जे वर येईल ते थेट डबीत. ऑक्सिजनची नळी नाकात असेल तर ती तशीच राहू द्यायची. कोरडा खोकला असेल तर 3 टक्के सलाइनची वाफ देऊन बेडका सुटवता येतो. मात्र दम्याच्या पेशंटला आधी साल्ब्युटामॉल द्यायचं आणि हे काम हवेशीर जागी, मास्क लावून करायचं. आपल्याकडे खोकणारा कुठलाही पेशंट टीबीचा असू शकतो.

इतकं करूनही कधी लाळच येते. पण ती लाळ आहे हे लॅबला कळतं, आणि ‘तोंडातले जंतू दिसतात’ या तक्रारीचं उत्तरही त्यातच आहे. स्लाइडवर जंतू शोधण्याआधी पेशी मोजायच्या असतात. 10 च्या लेन्सखाली काही फील्ड बघायची. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या मोठ्या, चपट्या एपिथेलियल पेशी दर फील्डमध्ये 10 पेक्षा जास्त असतील तर नमुना तोंडातला. एपिथेलियल पेशी 10 च्या आत आणि पस सेल 25 पेक्षा जास्त असतील तर नमुना छातीतला, वाचण्यालायक. वेगवेगळ्या लॅब हे आकडे थोडे इकडेतिकडे करतात, तत्त्व तेच राहतं. वाईट नमुना लॅबने परत पाठवायला हवा आणि त्यावर कल्चर लावूच नये. त्यात तोंडातले क्लेब्सिएला किंवा कँडिडा उगवतात, रिपोर्टवर नाव छापून येतं आणि वॉर्डात त्या नावावर उपचार सुरू होतात. तपासणीवरचा लोकांचा विश्वास बहुतेक वेळा अशाच रिपोर्टांनी उडालेला असतो.

या नियमाला अपवाद आहेत. किमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या पेशंटच्या बेडक्यात पस सेल सापडणार नाहीत, तिथे फक्त एपिथेलियल पेशींवरून ठरवायचं. टीबीसाठी किंवा लिजिओनेलासाठी पाठवलेला नमुना या कसोटीवर नाकारायचा नाही.

आता एक उदाहरण घेऊ, कुठल्याही जिल्ह्याच्या गावी आयसीयूत दिसेल असं. साठी ओलांडलेले काका, वर्षानुवर्षं बिडी ओढणारे, सीओपीडी असलेले. तीन दिवस थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीत कळ, श्वास मिनिटाला 32, ऑक्सिजन 86, क्रिएटिनिन 1.8. एक्स-रेमध्ये उजव्या खालच्या भागात पांढरा पट्टा. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात पाच दिवस इंजेक्शनं घेऊन आलेले. ही मागची अॅडमिशन पाहून टीमच्या डोक्यात स्यूडोमोनास आणि एमआरएसए दोन्ही येतात, आणि ते बरोबरच आहे. ठरतं असं, की पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि अझिथ्रोमायसिन लगेच, आणि जोडीला व्हॅन्कोमायसिन.

पहिली डबी आली ती पातळ, फेसाळ. स्लाइडवर एपिथेलियल पेशींची गर्दी, पस सेल चार-पाच, हरतऱ्हेचे जंतू. परत पाठवली. रेसिडेंटने काकांना बसवलं, कवळी काढायला लावली, चुळा भरून घेतल्या. दुसऱ्या वेळी घट्ट, गंजाच्या रंगाचा बेडका आला. मधल्या वेळात पायपरासिलिन-टॅझोबॅक्टमचा पहिला डोस सुरू झाला होता. दुसऱ्या डबीसाठी तो थांबवला नाही, थांबवायचाही नसतो.

लॅबमध्ये बेडका पेट्री डिशमध्ये पसरून त्यातला सर्वांत पिवळा किंवा रक्ताळलेला कण काडीने उचलायचा, कडेचं लाळेचं पाणी नाही. स्मिअर इतका पातळ हवा की वाळल्यावर त्यातून छापील अक्षरं वाचता यावीत. फिक्स केल्यावर क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अॅसिटोन-अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन अर्धं ते एक मिनिट. सगळं पाच-सात मिनिटांत होतं. घोळ होतो तो अॅसिटोन-अल्कोहोलवर. काही सेकंद जास्त गेले तर जांभळे जंतू गुलाबी होतात, कमी पडले तर गुलाबी जंतू जांभळे राहतात. पारख सोपी आहे: पस सेलचं केंद्रक गुलाबी-लाल दिसलं पाहिजे. ते जांभळं असेल तर रंग पुरता उतरलेला नाही किंवा स्मिअर जाड आहे, आणि त्या भागातल्या ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’वर विसंबायचं नाही.

काकांच्या दुसऱ्या स्लाइडवर दर फील्डला एपिथेलियल पेशी एक-दोन, पस सेल भरपूर, केंद्रकं व्यवस्थित गुलाबी. ऑइल लेन्सखाली पस सेलच्या मधोमध जांभळ्या जोड्या, प्रत्येक जोडीची बाहेरची टोकं निमुळती, भोवती रंग न घेतलेलं कॅप्सूलचं वलय. जवळजवळ प्रत्येक फील्डमध्ये तेच, दुसरं काही नाही. हा न्यूमोकोकस. द्राक्षांच्या घडासारखे स्टॅफिलोकोकसचे पुंजके कुठेही नाहीत, स्यूडोमोनासच्या बारीक गुलाबी काड्याही नाहीत.

लॅबमधून वॉर्डात फोन गेला आणि व्हॅन्कोमायसिन सुरूच झालं नाही. नमुना इतका चांगला असताना त्यात स्टॅफिलोकोकस दिसत नसेल, तर तोच आजाराचं कारण असण्याची शक्यता बरीच खाली येते. आणि 1.8 क्रिएटिनिनच्या माणसाला पायपरासिलिन-टॅझोबॅक्टमबरोबर व्हॅन्कोमायसिन न देणं म्हणजे त्याच्या मूत्रपिंडावरचं खरंखुरं ओझं टाळणं. दुसऱ्या दिवशी ब्लड अगारवर हिरवट कडा असलेल्या वसाहती आल्या, ऑप्टोचिन डिस्कभोवती जागा मोकळी होती, आणि पायपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या जागी सेफ्ट्रियाक्सोन आलं. अझिथ्रोमायसिन तसंच ठेवलं, कारण आजार गंभीर होता आणि ग्रॅम स्टेनमध्ये लिजिओनेला वगळता येत नाही. मेसेजमध्ये ज्या कल्चरला उशिराचं म्हटलंय, त्याने इथे चोवीस तासांत औषध बदललं. त्याच्याही आधी, अर्ध्या तासात, स्लाइडने एक औषध वाचवलं होतं.

‘नंतर बघू’ ही मला या मेसेजमधली सर्वांत नुकसानीची ओळ वाटते. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसानंतर काही तासांतच न्यूमोकोकस कल्चरमधून नाहीसा होऊ शकतो. दोन दिवसांनी पाठवलेल्या बेडक्यात मग तोंडात नव्याने वस्तीला आलेले, औषधाला न जुमानणारे ग्रॅम निगेटिव्ह जंतू वाढतात. रिपोर्ट बघून औषध आणखी मोठं केलं जातं, आणि मूळ आजार कशाने झाला हे कायमचं हुकतं. म्हणून क्रम असा हवा: पेशंट आला की आधी पाच मिनिटं डबी, मग डोस. बेडका आलाच नाही तर डोस द्यायचा आणि पहिला चांगला बेडका येईल तो तसाच पाठवायचा, वर डोसाची वेळ लिहून.

मेसेजमधलं एक म्हणणं मला अर्धं मान्य आहे. ओपीडीतून गोळ्या घेऊन घरी जाणाऱ्या साध्या न्यूमोनियात ग्रॅम स्टेन आणि कल्चर सरसकट करायची गरज नाही. अमेरिकेतल्या एटीएस आणि आयडीएसए या संस्थांची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. पण तीच तत्त्वं गंभीर न्यूमोनियात, एमआरएसए किंवा स्यूडोमोनाससाठी औषध सुरू करताना, आणि मागच्या 90 दिवसांत अॅडमिट होऊन इंजेक्शनची अँटिबायोटिक्स घेतलेल्यांत नमुना घ्यायला सांगतात. म्हणजे ब्रॉड स्पेक्ट्रमचा मोह जिथे सर्वांत जास्त, नेमका तिथेच. जपानमधल्या आयसीयूंत व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाच्या 206 पेशंटांवर झालेली चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना ग्रॅम स्टेन बघून औषध, उरलेल्यांना मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सुरुवातीपासून ब्रॉड. स्टेन बघून औषध घेणारे बरे होण्यात मागे पडले नाहीत, आणि त्यांच्यात स्यूडोमोनास व एमआरएसएवरची औषधं बरीच कमी वापरली गेली. व्हेंटिलेटरवरचे पेशंट वेगळे, हे लक्षात ठेवूनच हा निकाल वाचायचा.

स्लाइड काय सांगू शकत नाही तेही नीट कळायला हवं. हिमोफिलसचे बारीक गुलाबी ठिपके गुलाबी पार्श्वभूमीत सहज हरवतात, अनुभवी डोळ्यालाही. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, तो रंगत नाही. त्यामुळे चांगल्या स्लाइडवर ठळक काही दिसलं तर त्यावर भरवसा ठेवायचा, काहीच दिसलं नाही तर त्यावरून काही वगळायचं नाही.

पस सेल भरपूर आणि जंतू एकही नाही, असा रिपोर्ट आला की आपल्याकडे तीन प्रश्न विचारायचे. आधी कुठे अँटिबायोटिक घेतलं का, अटिपिकल जंतू असेल का, आणि टीबी तर नाही ना. टीबीचा जंतू ग्रॅम स्टेनमध्ये नीट दिसत नाही, म्हणून दुसरी डबी त्याच वेळी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला जाऊ द्या. आणि ती डबी जाईपर्यंत लिव्होफ्लॉक्सासिन हाताशी असलं तरी शक्यतो टाळा. त्याने टीबीच्या पेशंटला तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं.

रात्री लॅब बंद असते ही अडचण खरी आहे. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोहोचायला हवा, तासन्तास बाहेर पडून राहिला तर तोंडातले जंतू वाढतात आणि न्यूमोकोकस विरघळून जातो. पण वॉर्डातच पिवळा कण उचलून दोन पातळ स्मिअर करून वाळवता येतात. त्यावर पेन्सिलीने नाव, तारीख आणि वेळ लिहायची, उरलेला बेडका फ्रीजमध्ये ठेवायचा. सकाळी टेक्निशियन आले की आधी त्या स्लाइड रंगवायला द्यायच्या.