"अरे, पुसून घे ना!"

चष्म्यावर धुकं आलं की ज्याला चष्मा नाही तो हमखास हे सांगतो. अरे बाबा, पुसून काय होणार? काच अजून गारच आहे! पुसली की पुढच्या श्वासाला परत पांढरी. आणि मी उभा कुठे? ऑफिसच्या दाराबाहेर, जुलैच्या मुंबईत, समोरून रिक्षा येतेय की टेम्पो तेही दिसत नाहीये.

वर लोक ज्ञान देतात, "आत थंड, बाहेर गरम, म्हणून होतं." अर्धवट! मग एप्रिलमध्ये पुण्यात ३८ अंशांत एसीतून बाहेर पडलो तर का होत नाही? तिथे तर फरक जास्त असतो. कारण खरा खेळ हवेतल्या बाष्पाचा आहे. हवा ज्या तापमानाला थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं, तो तिचा दवबिंदू. मुंबईत पावसाळ्यात बाहेर २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली, तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो. पुण्याच्या त्या कोरड्या दुपारी आर्द्रता २० टक्के धरली तर तो जेमतेम ११. आता आमच्या ऑफिसात एसी २० वर. चेहऱ्याची ऊब धरूनही काच फार तर २२ ची. २६ च्या खालची काच बाहेर नेली की तिच्यावर पाणी धरणारच, मग ती शंभर वेळा पुसा. काच २६ च्या वर तापेपर्यंत गप्प उभं राहायचं, बस्स.

मास्क घातला की तर विचारूच नका. उच्छ्वास ३४ अंशांच्या आसपासचा आणि बाष्पाने जवळजवळ भरलेला. नाकापाशी फट राहिली की तो सरळ वर काचेवर. तिथे एसी असो नसो, धुकं ठरलेलं. मास्कची तार नाकावर नीट दाबायची, नाहीतर वरच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावायची. नाकाखाली मास्क घेणाऱ्यांचा चष्मा स्वच्छ असतो म्हणे. असणारच, मास्क आहे कुठे!

साबणाच्या पाण्याने काच धुऊन, झटकून तशीच वाळवली तर थोडा वेळ बरं असतं. पाणी तेवढंच धरतं, पण बारीक थेंब होण्याऐवजी त्याचा सपाट पातळ थर होतो आणि आरपार दिसतं. पण एकदा कुणाचं ऐकून शर्टाच्या टोकाने पुसलं की तो साबणही गेला!

आणि हे सगळं मीच का करायचं? एसी २६-२७ वर ठेवा, बाहेर पडताना बहुतेक दिवस काही होणार नाही. पण नाही! भर जुलैत लोक स्वेटर घालून, शाल पांघरून कीबोर्ड बडवतील, खोकतील, शिंकतील, पण रिमोटला हात लावणार नाहीत.