मूत्रपिंडाला रजा द्यायची असेल तर

तुमच्या सोसायटीत अजून आल्कलाइन पाण्याचा डेमो झाला नसेल, तर आधी सेक्रेटरींना धारेवर धरा. आमच्याकडे तो गेल्या रविवारी झाला. क्लबहाउसमध्ये टेबलावर तीन पारदर्शक ग्लास, मागे दीड लाखाचं यंत्र आणि टाय घातलेला एक हसतमुख मुलगा. यंत्राचं पाणी शरीरातलं आम्ल मारतं, संतुलन साधतं आणि मूत्रपिंडाला रजा देतं, असं त्याचं म्हणणं. त्यानं एका बाटलीतून प्रत्येक ग्लासात दोन-दोन थेंब टाकले. आरओचं पाणी पिवळं झालं, नळाचं हिरवट आणि यंत्राचं मोराच्या मानेसारखं निळं. सभागृहात ‘अगंबाई’ असा एकच उद्गार उठला. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तर तिथल्या तिथे पत्नीकडे असं पाहिलं, की इतकी वर्षं ही बाई आपल्याला पिवळं पाणी पाजत होती.

तेव्हा पहिला सल्ला हा, की रंगावर विश्वास ठेवा आणि पुढे काही विचारू नका. तो रंग दाखवतो पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू. आपले शेतकरी मातीचा काढून आणतात, तोच. आरओचं पाणी पिवळं पडलं, कारण त्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड किंचित विरघळला तरी तेवढ्यानं त्याचा सामू सातच्या खाली येतो. हे सभागृहात सांगू नका. डेमोचा विरस होतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘हे पाणी किती आम्ल मारतं?’ असं चुकूनही विचारू नका. सामू आणि आम्ल मारण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानावरची पाटी केवढी मोठी, हे सामू सांगतो. गोदामात माल किती, हे तो सांगत नाही. या मालाचं अधिकृत माप मिलिइक्विव्हॅलंट. उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून आपण त्याला ‘मात्रा’ म्हणू. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी बाजारातल्या आल्कलाइन पाण्याच्या बाटल्या आणून हा माल मोजला आणि 2024 साली निष्कर्ष छापले. पाटीवर सामू दहाच्या आसपास, आणि गोदामात लिटरमागे 0.1 मात्रा. एक दशांश! वैद्यकात वापरतात ती सोडियम बायकार्बोनेटची 500 मिलिग्रॅमची साधी गोळी घ्या. तिच्यात सुमारे 6 मात्रा असतात. म्हणजे एका गोळीची बरोबरी करायला असं पाणी 60 लिटर प्यावं लागेल. लोक उगीच महाग म्हणतात. पिणाऱ्यानं थोडा दम दाखवायला नको का?

आता आमच्या सोसायटीच्या टँकरची गोष्ट ऐका. एप्रिल उजाडला की आमच्याकडे बोअरचं पाणी येतं. त्याचा सामू साडेसातच्या आसपास, म्हणजे थेंब टाकले तर जेमतेम हिरवं. पण हंड्याच्या तळाला आणि गीझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो, तो त्याच्यातल्या बायकार्बोनेटचाच चुना. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अशा अल्कतेची, म्हणजे आम्ल मारण्याच्या ताकदीची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. हिशोब केला तर लिटरमागे 4 मात्रा होतात. त्या बाटलीबंद आल्कलाइन पाण्याच्या चाळीसपट! ‘खारट पाणी’ म्हणून नाक मुरडत आम्ही हा ऐवज आरओमधून काढून बाथरूमच्या मोरीत सोडतो, मग उरलेल्या रिकाम्या पाण्यात वीज खेळेना म्हणून यंत्राला क्षारांचं वेगळं काडतूस जोडतो, आणि त्या यंत्रासाठी कर्ज काढतो. बँकेचे हप्ते मात्र नियमित भरा. तेवढंच एक खरं संतुलन.

यंत्र तरी काय करतं? पाण्यातून वीज सोडतं. ऋण ध्रुवाकडचं पाणी अल्कधर्मी होतं, धन ध्रुवाकडचं तितकंच आम्लधर्मी, आणि दोन्हींसाठी दोन नळ्या असतात. इकडे जेवढं वाढलं तेवढं तिकडे कमी झालं. घरातल्या दोन भावांत वाटणी करावी आणि इस्टेट वाढली म्हणून पेढे वाटावेत, तसा प्रकार.

असो. यंत्र आलं, निळं पाणी आलं. आता ते शरीरात पोचवायचं, आणि इथे एक अडथळा आहे. त्याचं नाव पोट.

रिकाम्या पोटातसुद्धा थोडा जठररस पडलेला असतोच, आणि त्याचा सामू दीड-दोनच्या घरात असतो. तुम्ही पाव लिटर निळं पाणी घशाखाली सोडलंत, तर त्यातला सगळा अल्क संपवायला फार तर अडीच मिलिलिटर जठररस लागतो. चहाचा अर्धा चमचा पुरतो. दीड लाखाच्या वस्तूचं हे असं स्वागत. तेव्हा पोटाला आधी विश्वासात घ्या. त्याला समजावा, की बाबा रे, आम्ल वाईट असतं. ते ऐकणार नाही. प्रथिनं पचवणारं पेप्सिन आम्लाशिवाय कामाला लागत नाही, आणि पाण्यातून-भेळेतून आलेले बरेचसे जंतूही तिथेच मरतात. पटकीच्या लशींची चाचणी घेताना स्वयंसेवकांना जंतूंसोबत मुद्दाम सोडा पाजतात तो याच कारणासाठी. नाहीतर पोटच जंतूंना मारून टाकतं आणि चाचणी फसते.

शिवाय पोट हट्टी आहे. आतलं आम्ल खरोखरच कमी झालं, तर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि आम्लाचं उत्पादन पुन्हा वाढतं. आणि यातली खरी गंमत अशी, की जठराच्या पेशी आम्लाचा एक कण पोटात सोडतात, तेव्हा बायकार्बोनेटचा एक कण मागच्या दारानं रक्तात सोडतात. भरपेट जेवणानंतर रक्तात येणाऱ्या या लाटेला शरीरशास्त्रात अल्क-भरती म्हणतात. मोदकांवर ताव मारून डुलक्या काढणारा माणूस त्या वेळी नैसर्गिकरीत्या आल्कलाइन होत असतो. पुढे लहान आतड्याच्या तोंडाशी स्वादुपिंड रोज लिटरभराहून अधिक बायकार्बोनेटयुक्त रस ओततं, त्याचा सामू आठच्या आसपास. आल्कलाइन पाण्याचा कारखाना पोटामागेच चालू आहे, फक्त त्याला डेमो द्यायला मुलगा ठेवलेला नाही.

तरीही तुम्ही खचू नका, कारण पुरावा हवाच असतो आणि तो मिळतो. मुलगा जाताना लघवीच्या पट्ट्या देऊन जातो. त्यांचा योग्य वापर असा : यंत्र यायच्या आधी तपासणी पहाटे उठल्याउठल्या करा. रात्रभर जमलेली लघवी बहुधा आम्लधर्मी असते, पट्टी पिवळी पडते, आणि घरात काळजीचं वातावरण पसरतं. यंत्र आल्यावर मात्र तपासणी दुपारी जेवून तासा-दोन तासांनी करा. मघाची ती अल्क-भरती एव्हाना मूत्रपिंडात पोचलेली असते, पट्टी हिरवी होते. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी हेच केलं आणि दोन्ही पट्ट्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या. मधल्या काळात त्यांनी मुळ्याची भाजी आणि दोन केळी खाल्ली होती, हा मुद्दा काकूंनी मांडला. भाज्या-फळांमुळे लघवी अल्काकडे झुकते, हे खरंच आहे. पण काकूंना त्या विषयात कमिशन नसल्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

समजा, पट्टी खरोखरच तुमच्या पाण्यामुळे हिरवी झाली. मग त्याचा अर्थ काय? मूत्रपिंडानं तो अल्क जादाचा म्हणून उचलून बाहेर फेकला. म्हणजे तुमच्या हातातली ती पट्टी ही पावती नसून परत आलेल्या पार्सलची चिठ्ठी आहे. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवायचा, ही या मंडळींची नोकरी. फुप्फुसं श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त करून मिनिटांत दुरुस्ती करतात. मूत्रपिंडं सावकाश पण पक्कं काम करतात. रोज सुमारे 180 लिटर गाळून त्यातलं जवळजवळ सगळं बायकार्बोनेट परत घेतात, आणि जेवणातून व शरीराच्या कामकाजातून उरलेलं, दिवसाला 40 ते 100 मात्रा आम्ल, अमोनियाच्या पाठीवर बसवून लघवीतून रवाना करतात. तुम्ही दिवसाला तीन लिटर बाटलीतलं पाणी प्यालात तर या कामाला तुमचा हातभार 0.3 मात्रा. लग्नाच्या पंगतीत हजार पानं वाढून झाल्यावर कोपऱ्यातून मीठ वाढत येणाऱ्या भाच्यासारखा. मूत्रपिंडाला रजा देऊ म्हणता, पण बदली माणूस हा असा.

इथे जरा मस्करी बाजूला ठेवतो. मूत्रपिंडं निकामी होत आली की रक्तात खरोखर आम्ल साचतं. तेव्हा डॉक्टर रक्तातलं बायकार्बोनेट तपासून सोड्याच्या गोळ्या देतात, त्यातल्या सोडियमवर आणि रक्तदाबावर नजर ठेवून. युरिक ॲसिडचे खडे असतील तर पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा सामू वर आणतात. पण तिथेही कितीपर्यंत, हे ठरलेलं असतं, कारण लघवी फारच अल्कधर्मी झाली तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरू शकतात. त्या अर्व्हाइनच्या तज्ज्ञांनी पाणी मोजायला घेतलं ते युरिक ॲसिडच्या खड्यांसारख्या रुग्णांसाठी उपयोगी पडेल का, हे पाहायला, आणि बाटलीतला माल त्यासाठी अगदीच नगण्य निघाला. अशा रुग्णानं गोळ्या सोडून निळ्या ग्लासावर भिस्त ठेवली, तर मात्र हसायचं काही उरत नाही.

तर डेमोकडे परत. सगळे फॉर्म भरत होते, तेव्हा माझ्या मुलीच्या फ्रूटीची स्ट्रॉ टेबलावर पडली होती. मी ती निळ्या ग्लासात बुडवली आणि हळूहळू फुंकत राहिलो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, दुसरं काही नाही. पाच-सहा फुंकांत निळ्याचं हिरवं झालं, आणखी थोड्या वेळात पिवळं, शेजारच्या आरओसारखं. शेजारी एका ग्लासात मी घरून आणलेला अर्धा चमचा खायचा सोडा विरघळवून तेच थेंब टाकले होते. तो सुरुवातीला यांच्याइतका गडद नव्हता, पण छाती दुखेपर्यंत फुंकलं तरी तसूभर हलला नाही.

मुलानं माझ्या हातून स्ट्रॉ काढून घेतली, ग्लास बेसिनमध्ये ओतला आणि अतिशय अदबीनं म्हणाला, “काका, हे पाणी प्यायचं असतं. यात फुंकायचं नसतं.”