पंचेचाळीस विरुद्ध दहा

माइनस्वीपर या संगणकावरच्या खेळात लपलेले सुरुंग टाळत घरं उघडायची; उघडलेल्या घरातला आकडा शेजारच्या घरांत किती सुरुंग ते सांगतो. त्याच्या अवघड पातळीवर ४८० घरांत ९९ सुरुंग असतात. त्यातल्या ९६ जागी मी झेंडे रोवले होते. मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते, पण आता माघार नाही. उरले सुरुंग तीन आणि बंद घरं तेरा. त्यात खात्रीचं घर एकही नाही.

तेरापैकी दहा घरं कोपऱ्यात, कुठल्याच आकड्याला न चिकटलेली. उरलेली तीन म्हणजे अ, ब आणि क. झेंडे वजा केले की एक आकडा सांगत होता, "अ किंवा ब, एकात सुरुंग." दुसरा म्हणत होता, "ब किंवा क, एकात सुरुंग." म्हणजे एकतर एकटा ब गुन्हेगार, नाहीतर अ आणि क दोघे मिळून.

"दोनच शक्यता ना? मग काढ छापा-काटा," मागून बायको म्हणाली.

इथेच सगळे फसतात. शक्यता दोन असल्या तरी वजनं सारखी नसतात. ब मध्ये सुरुंग असेल, तर कोपऱ्यातल्या दहा घरांत दोन उरतात. ते ठेवायच्या तऱ्हा ४५. पहिल्याला दहा जागा, दुसऱ्याला नऊ, आणि सुरुंग सगळे सारखेच म्हणून निम्म्या. अ आणि क दोघांत असतील, तर कोपऱ्यात एकच उरतो, त्याच्या तऱ्हा फक्त १०. म्हणजे ५५ पैकी ४५ वेळा दोष ब चा. अ वर बोट ठेवलं तर मरायची भीती शंभरात अठरा.

"मग त्या दहांतलंच एखादं दाब की. दहात फार तर दोन सुरुंग."

तेही मोजून पाहिलं. ४५ तऱ्हांत दहा घरांत दोन-दोन, १० तऱ्हांत एक-एक. सरासरी काढली तर धोका तिथेही नेमका अठराच! मी दोनदा पडताळलं, कारण इतका बरोब्बर आकडा आला की मला माझ्याच गणिताचा संशय येतो.

पण धोका तेवढाच असला तरी कमाई वेगळी. कोपऱ्यातलं घर सुखरूप उघडलं, तरी खात्रीनं हाती तेवढं एकच घर. अ सुखरूप निघालं, तर ब नक्की सुरुंग आणि म्हणून क फुकटात मोकळं. एका जोखमीत दोन घरं! असला सौदा सोडायचा कसा? मी बायकोला हे सगळं कागदावर तीन चौकोन आखून समजावलं. ती मोबाईल बघत "हं" म्हणाली.

श्वास रोखून मी अ दाबलं.

धडाम!

पट उलगडला. सुरुंग अ मध्ये, क मध्ये, आणि कोपऱ्यातल्या दहांत फक्त एक.

बायकोनं वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "म्हणजे इथल्या नऊपैकी कुठलंही चाललं असतं?"

"हो, पण..."

"आणि तू पंधरा मिनिटं काय करत होतास?"

मी कागद पालथा घातला आणि नवा डाव मांडला.