सरांचं 'पण'

जूनमध्ये आमच्या व्याख्यानमालेत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक सर पंचगंगेच्या पुरावर बोलले. 72 मिनिटं. सभागृह भरलेलं होतं, पण पाणी ज्यांच्या दारात येतं ती चिखली-आंबेवाडीकडची मंडळी त्यात मोजकीच. म्हणून ठरलं, की रेकॉर्डिंगचे सात छोटे व्हिडिओ करायचे, प्रत्येकावर सरांचं एक वाक्य ठळक अक्षरात टाकायचं आणि पंधरवडाभर दिवसाआड संध्याकाळी सातला फेसबुकवर एकेक सोडायचा. काम माझ्याकडं आलं.

दुसऱ्या व्हिडिओत मी चूक केली. सर म्हणाले होते, "राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं उघडतात, तिथं कुणाचा हुकूम लागत नाही." टाळ्या पडल्या. मी टाळ्यांवर कापलं आणि तेच वाक्य वर लिहिलं. 40 सेकंदांचा नेटका तुकडा झाला. टाळ्या ओसरल्यावर सर पुढं बोलले होते, "पण पावसाळ्यात धरणात आधी किती पाणी ठेवायचं, हे माणूसच ठरवतो." ते राहिलं.

रात्री दहापर्यंत कमेंटमध्ये भांडण लागलं. एकानं लिहिलं, "म्हणजे आमचं घर बुडालं त्याला कुणीच जबाबदार नाही म्हणा की." सकाळी सरांचा फोन. आवाज चढलेला नव्हता. एवढंच म्हणाले, "अगं, माझं 'पण' कुठं ठेवलंस?"

फेसबुकवर एकदा गेलेल्या पोस्टमधला व्हिडिओ बदलता येत नाही, मजकूर तेवढा बदलता येतो. मी पोस्ट काढली, 52 सेकंदांचा पूर्ण तुकडा टाकला. पण पहिला तोवर गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला होता, तो परत येणार नव्हता.

तेव्हापासून मी व्हिडिओ उघडून कापायला बसत नाही. आधी सगळं बोलणं वेळेसकट कागदावर उतरवते. वाक्य निवडलं की त्याच्या मागचा-पुढचा अर्धा मिनिट पुन्हा ऐकते. पुढं 'पण', 'मात्र', 'अर्थात' आलं तर ते तुकड्यात घ्यायचं, नाहीतर ते वाक्यच सोडायचं. सुरुवातीचं "तर मित्रहो" खुशाल कापावं, त्यानं अर्थ हलत नाही. कापायची जागा शब्दाच्या शेवटाला चिकटून नको, श्वासात हवी. नाहीतर शेवटचं अक्षर तुटतं आणि माणूस मध्येच गप्प केल्यासारखा वाटतो.

वर लिहायचं वाक्यही तसंच. बरेच जण ते बसमध्ये आवाज बंद ठेवून वाचतात, म्हणजे त्यांच्यासाठी तेवढंच व्याख्यान. त्यात आपला शब्द घालू नये, आणि अवतरणचिन्हात तर नाहीच. लांब वाटलं तर दुसरं वाक्य शोधावं. बारा-पंधरा शब्द, तीन ओळी पुरतात. उभ्या व्हिडिओत खालची पट्टी नाव आणि मजकुरानं झाकली जाते, उजवी कड बटणांनी, म्हणून अक्षरं मधल्या भागात ठेवते. आणि तयार फाइल फोनवर बघितल्याशिवाय सोडत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात. 'स्थिती' वाचताच येत नाही.

वेळापत्रकाबद्दलही माझं मत बदललं. सातही व्हिडिओ एका रविवारी बसून प्लॅनरमध्ये लावून टाकले की सुटलो, असं वाटतं. क्रम मी विचारानं लावला होता. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे समजावणारा तुकडा पहिला, कारण पुढच्या तिघांत ते आकडे येतात. पण नवव्या दिवशी दुपारी पाणी खरोखरच 39 च्या वर गेलं, आणि त्या संध्याकाळी पाचवा व्हिडिओ आपोआप जाणार होता. त्यात सर 2019 चा पूर सांगतात, आणि रंगून वर्तमानकाळात सांगतात: "पाणी त्रेचाळीसच्या वर गेलंय, चिखलीत अजून माणसं घरात आहेत."

सभागृहात कुणाचा गोंधळ झाला नसता. पण त्या संध्याकाळी ते वाक्य फोनवर वाचणाऱ्या पोरानं आईला उचलून गाडीत घातलं असतं. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी उरलेले तिन्ही व्हिडिओ रांगेतून काढले. समितीतले एक काका म्हणाले, "आत्ताच तर लोक बघतील." बघितले असते, म्हणूनच काढले.

पाणी उतरल्यावर ते पुन्हा लावले. आता प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत व्याख्यानाची तारीख राहते, पाचव्यावर ठळक '2019 च्या पुराबद्दल', आणि पहिल्या कमेंटमध्ये पूर्ण व्याख्यानाची लिंक, हा तुकडा कितव्या मिनिटाला येतो त्यासकट. वरची वाक्यं आदल्या रात्री सरांना पाठवते. सहाव्यात त्यांनी एक शब्द दुरुस्त करून मागितला. रेकॉर्डिंगमध्ये तो तसा नव्हता, म्हणून मी ते वाक्य वगळून दुसरं घेतलं, आणि त्यांना ते पटलं.