शून्य नसला म्हणजे झालं असं नाही: हिल सायफरवरच्या कमेंटला उत्तर

*कमेंट:* "सर, हिल सायफर उगाच अवघड करून सांगितलाय तुम्ही. डिटर्मिनंट शून्य नसला की इन्व्हर्स असतो हे आम्ही पीयूसीतच शिकलोय. माझी की 4 7 / 2 5, डिटर्मिनंट 6 येतो, कॅल्क्युलेटर इन्व्हर्स पण देतोय, मग ही की चालत नाही असं का लिहिता? आणि तुमच्या पद्धतीनं केलं तर आमच्या नोट्सशी उत्तर जुळत नाही. थिअरी बास झाली, एक गणित एनक्रिप्शनपासून डिक्रिप्शनपर्यंत पूर्ण करून दाखवा. पेपर तोंडावर आलाय."

अरे, पीयूसीतला नियम बरोबरच आहे, पण तो ज्या आकड्यांचा आहे ते आकडे इथं नाहीत. तिथं अपूर्णांक चालतात, ६ नं भागायचं तर १/६ नं गुणायचं नि मोकळं व्हायचं. इथं A म्हणजे ०, B म्हणजे १, असं करत Z म्हणजे २५, एवढेच आकडे, आणि काहीही गुणलं मिळवलं तरी शेवटी २६ नं भागून उरेल ती बाकी तेवढी घ्यायची. यात १/६ बसतच नाही. त्याच्या जागी असा पूर्ण आकडा पाहिजे की ज्याला ६ नं गुणल्यावर बाकी १ उरेल. आता ६ ला कशानंही गुण, गुणाकार सम येणार, २६ पण सम, मग बाकी सुद्धा समच उरणार. १ कुठून येणार?

हे नुसतं वाचून पटत नसेल तर तुझीच की घे आणि NI आणि AI ही दोन वेगवेगळी जोडपी एनक्रिप्ट करून बघ.

```
K = | 4  7 |
    | 2  5 |

NI = (13, 8):   4*13 + 7*8 = 108 -> 4   E
                2*13 + 5*8 =  66 -> 14  O

AI = (0, 8):    4*0 + 7*8  =  56 -> 4   E
                2*0 + 5*8  =  40 -> 14  O
```

दोन्हीचं EO. आता समोरच्याला EO मिळालं तर त्यानं NI वाचायचं का AI? कितीही हुशार असू दे, त्याला कळणार नाही, कारण माहिती एनक्रिप्ट करतानाच गेली. बघ कशी गेली ते, तुझ्या की चा पहिला कॉलम ४ आणि २, दोन्ही सम, आणि N म्हणजे १३. १३ ला सम आकड्यानं गुणलं की २६ ची पट होते, म्हणजे बाकी शून्य, म्हणजे N असो नसो गणिताला फरकच पडत नाही. A-N, B-O, C-P अशी १३ घरं लांब असलेली पहिली अक्षरं तुझ्या की ला सगळी सारखीच दिसतात. डिटर्मिनंट १३ आला तरी असाच घोळ होतो, फक्त वेगळ्या अक्षरांचा. म्हणून नियम असा की डिटर्मिनंटची २६ नं काढलेली बाकी सम नको आणि १३ पण नको. उरतात बाराच आकडे: १, ३, ५, ७, ९, ११, १५, १७, १९, २१, २३, २५. (दोन बाय दोनच्या एकूण ४,५६,९७६ की होतात, त्यातल्या १,५७,२४८ च उपयोगाच्या, म्हणजे मनानं चार आकडे लिहिलेस तर तीनातली साधारण एक चालते. तुझी फसली यात नवल काही नाही.)

कॅल्क्युलेटरचं म्हणशील तर तो इन्व्हर्स देतोय तो पीयूसीवाला, अपूर्णांकातला. त्याला बिचाऱ्याला २६ चं काय माहिती. की चांगली असली तरी त्याचं दशांशातलं उत्तर इथं कामाचं नाही, आणि ते राउंड करून पुढं नेणारे पण मी बघितलेत.

आता गणित. की घेतो 3 8 / 5 7 आणि शब्द घेतो NIPANI, आपल्या भागातलाच, सहा अक्षरी, त्यामुळं शेवटी X चिकटवायची भानगड नाही. दोन-दोनचे गट: NI, PA, NI. म्हणजे (13, 8), (15, 0) आणि परत (13, 8). मी अक्षरांचा गट कॉलममध्ये उभा लिहितोय आणि की डावीकडं, हे ध्यानात ठेव, नोट्सचं भांडण इथंच आहे.

```
C = K P mod 26,   K = | 3  8 |
                      | 5  7 |

NI:  3*13 + 8*8 = 103,  103 -  78 = 25  Z
     5*13 + 7*8 = 121,  121 - 104 = 17  R

PA:  3*15 + 8*0 =  45,   45 -  26 = 19  T
     5*15 + 7*0 =  75,   75 -  52 = 23  X

NI:  वरच्यासारखंच                       ZR

NIPANI -> ZRTXZR
```

तिसरा गट परत गुणत बसू नको, तोच गट तर तेच उत्तर. पेपरात वेळ वाचतो, आणि जाता जाता या सायफरची एक कमजोरी पण दिसली की सारखे गट सारखेच लपतात. "लिमिटेशन्स लिहा" असं आलं तर ZR दोनदा आलाय हे दाखवून लिही.

डिक्रिप्शनला पोरं अडकतात ती डिटर्मिनंटपाशीच. 3*7 - 8*5 = -19. हा मायनस बघितला की काहीजण मायनस पुसून १९ घेतात आणि पुढं सगळं चुकत जातं. मायनस आला तर २६ मिळवायचे, -19 + 26 = 7, झाला डिटर्मिनंट ७. तो आपल्या बारा आकड्यांत आहे म्हणजे की चालते, आणि हे पेपरात एका ओळीत लिहायचं, gcd(7, 26) = 1.

मग ७ चा इन्व्हर्स. युक्लिड येत असेल तर करच, पण दोन बाय दोनच्या गणितात मी असं करतो: २६ च्या पटीत १ मिळवत जायचं, २७, ५३, ७९, १०५, आणि ७ नं नि:शेष भाग जाईल तिथं थांबायचं. १०५ ला जातो, १५ वेळा. म्हणजे ७ चा इन्व्हर्स १५. तुला जे १/डिटर्मिनंट पाहिजे होतं त्याच्या जागी हा १५ बसतो, बाकी इन्व्हर्स काढायची रीत पीयूसीतलीच: मुख्य कर्णावरचे दोन आकडे अदलाबदल करायचे, उरलेल्या दोघांची चिन्हं उलटी करायची, मग सगळ्यांना १५ नं गुणायचं.

```
adj K = |  7  -8 |  =  |  7  18 |   mod 26
        | -5   3 |     | 21   3 |

15*7  = 105 -> 1       15*18 = 270 -> 10
15*21 = 315 -> 3       15*3  =  45 -> 19

K^-1 = | 1  10 |
       | 3  19 |
```

इथं लगेच डिक्रिप्शनला पळू नको. मूळ की ला या मॅट्रिक्सनं गुणून 1 0 / 0 1 येतंय का बघ. 3*1 + 8*3 = 27, बाकी १. 3*10 + 8*19 = 182, म्हणजे 26*7, बाकी ०. 5*1 + 7*3 = 26, बाकी ०. 5*10 + 7*19 = 183, बाकी १. चारही जुळले म्हणजे इन्व्हर्स पक्का. हे केलं नाहीस तर चूक कळते ती थेट शेवटी, भलतीच अक्षरं निघाल्यावर, आणि तेव्हा चूक ॲडजॉइंटमध्ये झाली का १५ मध्ये झाली हे शोधायला वेळ राहिलेला नसतो.

```
ZR = (25, 17):  1*25 + 10*17 = 195 -> 13  N
                3*25 + 19*17 = 398 ->  8  I

TX = (19, 23):  1*19 + 10*23 = 249 -> 15  P
                3*19 + 19*23 = 494 ->  0  A

ZRTXZR -> NIPANI
```

४९४ ची बाकी शून्य आली म्हणून घाबरू नको, A शून्यच आहे. A ला १ धरून सुरुवात केलेली असली तर मात्र एनक्रिप्शनपासूनच वेगळी अक्षरं येतील, म्हणून A = 0 हे उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहून टाकायचं.

आता तुझ्या नोट्स. तिथं अक्षरांचा गट आडवा, म्हणजे रो मध्ये लिहून की उजवीकडं ठेवलेली असणार, C = P K. तीच की, तोच शब्द, पण गुणाकार वेगळा. NI घेतला तर 13*3 + 8*5 = 79, बाकी १, आणि 13*8 + 8*7 = 160, बाकी ४, म्हणजे BE (डिग्रीच मिळाली की मर्दा). PA चं TQ. सगळं मिळून BETQBE. माझं ZRTXZR, तुझ्या सरांचं BETQBE, दोन्ही बरोबर. मॅट्रिक्सच्या गुणाकारात डावं-उजवं बदललं की उत्तर बदलतं, एवढंच आहे. इन्व्हर्स मात्र दोन्हीकडं तोच, 1 10 / 3 19, फक्त डिक्रिप्ट करताना पण गट आडवाच ठेवून इन्व्हर्स उजवीकडं घ्यायचा. एनक्रिप्शन आडवं आणि डिक्रिप्शन उभं असं मिसळलंस तर NIPANI परत येणार नाही. पेपरात तुझ्या सरांच्याच पद्धतीनं लिही, पण फॉर्म्युला वर लिहून, म्हणजे तपासणारा दुसऱ्या पद्धतीचा असला तरी त्याला कळेल तू काय केलंयस.

लॅबला हा प्रोग्राम सी मध्ये लिहिणार असशील तर एक सांगून ठेवतो. सी मध्ये `-19 % 26` चं उत्तर -19 च येतं, पायथॉनमध्ये 7 येतं. सी मध्ये हे लिहायचं:

```
d = ((d % 26) + 26) % 26;
```

ही ओळ राहिली तर डिटर्मिनंट प्लस असलेल्या की वर प्रोग्राम बरोबर चालल्यासारखा वाटू शकतो आणि मायनसवाली की आली की गडबडतो, मग पोरं तास तास चूक दुसरीकडंच शोधत बसतात.

आणि पेपरात तुझी ही ६ वालीच की आली तर एनक्रिप्शन विचारलं असेल तर बिनधास्त करून टाक, ते कुठल्याही की नं होतं. डिक्रिप्शन विचारलं असेल तर gcd(6, 26) = 2 लिही, इन्व्हर्स निघत नाही म्हणून लिही, आणि NI आणि AI दोन्हीचं EO येतं हे दोन ओळीत दाखव.